वरच्या फुप्फुसातला डाग : एक्स-रेपासून सीबीनॅटपर्यंत

छातीच्या एक्स-रेत फुप्फुसाच्या वरच्या भागात डाग दिसला आणि त्यात पोकळी असली, की क्षयरोगाचा संशय सर्वांत आधी येतो. मोठ्या माणसांतला क्षय बहुधा वरच्या खंडाच्या टोकाशी व मागच्या बाजूला, किंवा खालच्या खंडाच्या वरच्या भागात बसतो. तिथे प्राणवायू भरपूर मिळतो आणि जंतूंना तो मानवतो. जंतूंनी पोखरलेला भाग चक्क्यासारखा मऊ होतो, श्वासनलिकेत फुटून खोकल्यावाटे बाहेर पडतो आणि मागे पोकळी उरते. तिच्यात जंतू प्रचंड संख्येने वाढतात. त्यामुळे पोकळी असलेल्या रुग्णाच्या बेडक्यात ते सापडण्याची शक्यता जास्त आणि घरच्यांना लागण होण्याचा धोकाही जास्त.

एवढी ओळखीची खूण असूनही फोटोवरून निदान किती पक्के मानायचे, हे साठ वर्षांत बरेच बदलले. राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रम १९६२ साली सुरू झाला. जिल्हा क्षयरोग केंद्रात एक्स-रे आणि गावपातळीवर बेडक्याची तपासणी, अशी त्या कार्यक्रमाची आखणी होती. पण डाग दिसला की औषध सुरू, हा प्रघात पडायला वेळ लागला नाही. त्यातला घोटाळा असा, की एकच फोटो दोन डॉक्टर वेगळा वाचतात आणि जुना, भरून आलेला व्रणही डाग म्हणूनच दिसतो. हंसळीच्या हाडाआड तर लहान डाग लपूनही राहतो.

१९९३ मध्ये प्रयोगादाखल सुरू झालेल्या आणि २००६ पर्यंत देशभर पोचलेल्या सुधारित कार्यक्रमाने उलट टोक गाठले. आता सूक्ष्मदर्शकाखालचा बेडका पहिला. तो निर्दोष आला तर साधे प्रतिजैविक, मग पुन्हा तपासणी, आणि त्यानंतर एक्स-रे. ही शिस्त चांगली असली तरी तिची मर्यादा मोठी होती. सूक्ष्मदर्शकाला मिलिलिटरमागे ५ ते १० हजार जंतू लागतात. त्याहून कमी असले तर रुग्ण हातातून निसटतो. शिवाय प्रतिजैविक फ्लुरोक्विनोलोन गटातले निघाले, तर ते क्षयाच्या जंतूंनाही तात्पुरते दाबते आणि निदान आणखी लांबते.

२०१०च्या अखेरीस जागतिक आरोग्य संघटनेने सीबीनॅट या जनुकीय तपासणीला मान्यता दिली. पुढे गोव्याशी नाते असलेल्या मोलबायो कंपनीचे ट्रूनॅट आले. सीबीनॅटला मिलिलिटरमागे शंभर-दीडशे जंतू पुरतात आणि साधारण दोन तासांत रिफाम्पिसिनला विरोध आहे का, तेही कळते. इथे एक्स-रेची जागा पुन्हा पालटली. २०१९-२१च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात सुमारे ४३ टक्के रुग्ण केवळ एक्स-रेमुळे हाती लागले. त्यांच्यात विचारण्याजोगी लक्षणेच नव्हती. पण शिक्कामोर्तब बेडक्याचेच.

मुर्रीसारख्या, गोंदिया शहराला लागून असलेल्या गावातला एखादा रुग्ण कल्पून पाहावा. पन्नाशीचा, विडी ओढणारा, चार वर्षांपूर्वी क्षयाचे औषध पुरे केलेला. तीन आठवडे खोकला, वजन उतरलेले. फोटोत उजव्या वरच्या खंडात पोकळी आहे आणि श्वासनलिका त्या बाजूला ओढलेली. ही ओढ जुन्या, आक्रसलेल्या व्रणाची खूण. पोकळी मात्र जुनी की नवी, ते या एका फोटोवरून सांगता येत नाही. म्हणून पहिले काम जुना फोटो शोधण्याचे. दोन्हीत चित्र जसेच्या तसे असेल तर संशय ओसरतो. पोकळी नवीन किंवा मोठी दिसली तर वाढतो.

बेडका सकाळचा, खोलवर खोकून काढलेला, निदान दोन मिलिलिटर हवा. नुसती थुंकी दिली तर तपासणीचा निकाल फसवा येतो. समजा, सीबीनॅटमध्ये जंतूंचा अंश अगदी अल्प आढळला. नव्या रुग्णात एवढ्याने औषध सुरू करता येते. या रुग्णात थबकावे लागते, कारण ही तपासणी जंतूंचे जनुक ओळखते, जंतू जिवंत आहे की मेलेला ते नाही. आणि मेलेल्या जंतूंचे अवशेष उपचारानंतर काही वर्षे सापडू शकतात. जिवंत जंतूची साक्ष फक्त संवर्धन देते. द्रव माध्यमात त्याला सहा आठवड्यांपर्यंत लागू शकतात. वाढ झाली तर क्षय उलटला हे पक्के, आणि कोणते औषध लागू पडेल तेही त्याच जंतूंवर तपासता येते.

वाढ झाली नाही, तरी तपास तिथेच थांबत नाही. जुन्या पोकळीत बुरशीचा गोळा तयार होतो. रक्त पडत असेल आणि फोटोत पोकळीच्या आत कड सुटलेला गोल दिसला, तर संशय तिकडे वळतो. विडी ओढणाऱ्यात जाड, खडबडीत भिंतीची पोकळी कर्करोगाचीही असू शकते. तिथे सीटी स्कॅन आणि गरज पडल्यास दुर्बिणीतून घेतलेला नमुना लागतो. मधुमेह किंवा एचआयव्ही असलेल्यांत डाग खालच्या खंडातही असतो आणि पोकळी नसतेही. वरचा भाग स्वच्छ दिसला म्हणून बेडका न तपासण्याची मुभा तिथे नसते.