करारावरील ब्रॉयलर पालन : हिशेबपत्रक कसे वाचावे

लातूर तालुक्यातील मुरुडसारख्या गावी पावसावरील सोयाबीन व तूर यांच्या जोडीला ब्रॉयलर कोंबड्यांचे करारावर संगोपन करता येते. ही पद्धत आपल्या देशात प्रथम तामिळनाडूतील कोइमतूर भागात १९९० नंतरच्या दशकात रुजली. तीत शेतकऱ्याने पक्षी विकावयाचे नसतात. पक्षी कंपनीचे असतात व शेतकऱ्यास संगोपनाची मजुरी मिळते. ही मजुरी ठरविणारे हिशेबपत्रक समजून घेणे म्हणूनच अगत्याचे आहे.

कोण काय पुरवितो

एक दिवसाची पिल्ले, खाद्य, लस व औषधे कंपनी पुरविते आणि देखरेखीस आपला पर्यवेक्षक पाठविते. शेड, पाणी, वीज, जमिनीवर पसरावयाचे भाताचे तूस, पहिल्या दोन आठवड्यांची ऊब व मजूर ही शेतकऱ्याची बाजू होय. बाजारभाव कोसळल्यास त्याचा थेट भार बहुधा कंपनीवर पडतो. मात्र अशा वेळी पुढील पिल्ले उशिरा येतात आणि रिकाम्या शेडचा कर्जाचा हप्ता शेतकऱ्यासच भरावा लागतो.

एका बॅचचे उदाहरण

पुढील दर केवळ समजुतीसाठी घेतले आहेत. प्रत्यक्ष दर आपल्या करारनाम्यात पाहावेत.

समजा, शेडमध्ये ५,००० पिल्ले आली. त्यांपैकी २५० मेली व ४,७५० पक्षी उचलले गेले. सरासरी वजन २ किलो, म्हणजे एकूण वजन ९,५०० किलो भरले. खाद्य १५,२०० किलो लागले. खाद्यास वजनाने भागले असता १.६ हा आकडा येतो. यासच एफसीआर म्हणतात. एक किलो जिवंत वजनास किती किलो खाद्य खर्च झाले हे तो सांगतो. तो जितका कमी तितके बरे.

आता कंपनी आपला खर्च मांडते :

- पिल्ले, ३६ रुपये दराने : १,८०,००० रुपये
- खाद्य, किलोस ४० रुपये दराने : ६,०८,००० रुपये
- औषधे व लस : १८,००० रुपये
- देखरेख : ३०,००० रुपये
- एकूण : ८,३६,००० रुपये

यास ९,५०० किलोंनी भागले असता उत्पादनखर्च किलोस ८८ रुपये पडतो. करारातील प्रमाणखर्च ९० रुपये असल्यास किलोमागे दोन रुपयांची बचत झाली. मूळ संगोपन दर ८ रुपये व बचतीचा निम्मा भाग शेतकऱ्याचा असे ठरले असेल, तर त्यास किलोस ९ रुपये, म्हणजे ८५,५०० रुपये मिळतील. खर्च प्रमाणाहून वाढल्यास याच रीतीने कपात होते.

यातून तूस ८,०००, ऊब ७,०००, वीज ६,०००, मजुरी १८,००० व शेडची सफाई ३,००० असे ४२,००० रुपये वजा जाता ४३,५०० रुपये उरतात. शेडचा हप्ता व दुरुस्ती यांतूनच भागवावी लागते. कोंबडीखताचे उत्पन्न निराळे.

चूक कोठे राहते

पहिली जागा शिल्लक खाद्याची. वरील बॅचमध्ये ५० किलोंची सहा पोती परत गेली, पण त्यांची नोंद झाली नाही असे समजू. ३०० किलो खाद्य पक्ष्यांनी खाल्ले असे धरले जाईल व कंपनीचा खर्च १२,००० रुपयांनी वाढेल. त्याचा निम्मा भार, म्हणजे ६,००० रुपये, शेतकऱ्याच्या मजुरीतून जाईल. यास्तव परत दिलेल्या पोत्यांची सही घेतलेली पावती जपून ठेवावी.

दुसरी जागा पक्ष्यांच्या मोजणीची. आलेल्या पिल्लांतून मेलेली वजा केली असता उचललेल्या पक्ष्यांची संख्या यावयास हवी. कमी भरलेल्या पक्ष्यांची किंमत करारानुसार शेतकऱ्याकडून वसूल होऊ शकते. पिल्ले उतरतानाच मोजावीत व मेलेली पिल्ले त्याच दिवशी नोंदवावीत.

तिसरी जागा वजनाची. पक्षी उचलताना काटा शून्यावर आहे किंवा नाही हे पाहून रिकाम्या खुराड्यांचे वजन आधी करावे.

मरतूक कोणत्या वयात झाली हेही पाहावे. पहिल्या आठवड्यात मेलेल्या पिल्लाने फारसे खाद्य खाल्लेले नसते. पाचव्या आठवड्यात उन्हाने मेलेला पक्षी मात्र तीन किलोंच्या आसपास खाद्य खाऊन गेलेला असतो आणि त्याचे वजन हिशेबात येत नाही. एप्रिल-मे महिन्यांत एफसीआर एकाएकी वाढल्याचे दिसल्यास हे कारण प्रथम तपासावे. पहिल्याच आठवड्यात मरतूक अधिक झाल्यास पिल्लांचा दर्जा किंवा उबेची उणीव यांचा संशय घ्यावा व पर्यवेक्षकाकडून ती त्याच दिवशी लिहवून घ्यावी.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी शेतकऱ्यास शेडमध्ये एक वही टांगावयास सांगावी. तीत रोजची मरतूक, उघडलेली पोती व आठवड्याचे सरासरी वजन लिहावे. हिशेबपत्रक हाती आल्यावर सही करण्यापूर्वी वहीतील आकड्यांशी ते ताडून पाहावे. फरक आढळल्यास करारात दिलेल्या मुदतीत कंपनीस लेखी कळवावे व पत्राची पोच घ्यावी.