कार्यक्रम झाला, उरलेली रक्कम कधी?

दिवाळी पहाटेच्या मैफलीला एका कंपनीने 2 लाख रुपये कबूल केले, असे समजू. निम्मे आधी मिळाले, उरलेला 1 लाख कार्यक्रमानंतर. महिना उलटला तरी पैसे नाहीत. अशा वेळी आयोजक शब्द देणाऱ्या मार्केटिंगच्या साहेबांना फोन करत राहतो. पण पैसे सोडतो अकाउंट्स विभाग, आणि तिथे बिल बहुधा कागदांसाठी अडते: बिलावर पर्चेस ऑर्डरचा क्रमांक नसतो, किंवा फलक लागल्याचे फोटो जोडलेले नसतात.

म्हणून स्मरणपत्र दोघांनाही एकाच ईमेलने जावे. बिल, मंजुरीचे पत्र, मंचावरच्या लोगोचे फोटो, निवेदकाने नाव घेतल्याची चित्रफीत पुन्हा जोडावी. मजकूर थोडका पुरे: "करारानुसार उरलेले 1 लाख रुपये येणे आहे. एखादा कागद कमी असल्यास कळवावे. रक्कम कोणत्या तारखेला जमा होईल, तेही कृपया सांगावे." या शेवटच्या प्रश्नाला 'बघतो' हे उत्तर पुरत नाही, म्हणून तो मला सर्वांत मोलाचा वाटतो.

खात्यात 98 हजारच आले तर लगेच भांडू नये. 2 टक्के टीडीएस कापला असेल; तो आयकर खात्याच्या पोर्टलवर दिसतो. तिथेही नसेल, तर मात्र विचारायलाच हवे. करारातला फलक लागलाच नसेल, तर तेवढी वजावट आपणहून सुचवावी. नाहीतर त्या एका फलकापायी सगळे बिल अडून राहते.