कंबर, एक्स-रे आणि एक चिठ्ठी

मार्चअखेरची कामं संपली त्याच आठवड्यात माझी कंबर धरली. वय त्रेपन्न, नोकरी आवक-जावक विभागातल्या लिपिकाची, म्हणजे दिवसाचे सात तास खुर्चीत. सकाळी मोजे घालायला वाकलो आणि तसाच पलंगावर बसून राहिलो. तीन आठवडे बाम, शेक, गोळ्या झाल्या. शेवटी एक्स-रे काढला. सोबतच्या कागदावर लिहिलं होतं: 'लंबर स्पॉन्डिलोसिस, चौथ्या व पाचव्या मणक्यातील अंतर कमी, ऑस्टिओफाइट्स.'

यातला एकही शब्द मला कळला नाही, पण अर्थ मी लावलाच. मणके झिजले, आता कारभार आटोपला! त्या दिवसापासून कंबरेला पट्टा बांधला तो फक्त आंघोळीला सोडायचा. पाण्याची बादली उचलणं बंद केलं. नमाज खुर्चीवर बसून पढू लागलो. स्वेच्छानिवृत्तीचा अर्जसुद्धा लिहून ठेवला, घरात कुणाला न सांगता.

डॉक्टरांनी फिजिओथेरपिस्टकडे पाठवलं. माझ्या मुलीच्या वयाची बाई. एक्स-रे तिने मिनिटभर पाहिला आणि मला मात्र पाऊण तास तपासलं. टाचांवर चालायला लावलं, चवड्यांवर चालायला लावलं, उताणं झोपवून एकेक पाय सरळ वर उचलला, गुडघ्यावर हातोडी मारली. लघवी-संडासबद्दल विचारलं, ताप येतो का, वजन उतरलं का, तेही विचारलं. मग कागद ओढून चिठ्ठी लिहायला बसली. ती चिठ्ठी आज तुमच्यापुढे उलगडतो.

पहिलं वाक्य होतं, "काका, तुमचा एक्स-रे त्रेपन्न वर्षांच्या माणसाचा आहे आणि तो असाच दिसायला हवा."

मग तिने शब्दांचे अर्थ समजावले. स्पॉन्डिलोसिस म्हणजे वयानुसार मणक्यांत होणारे बदल. ऑस्टिओफाइट्स म्हणजे मणक्याच्या कडेला वाढलेलं थोडं हाड. दोन मणक्यांमधली गादी एक्स-रेत दिसतच नाही, दिसते ती दोघांमधली जागा. वयानुसार गादीतलं पाणी कमी होतं, म्हणून ती जागाही कमी होते. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात, पाठ अजिबात न दुखणाऱ्या तीन हजारांहून अधिक माणसांचे सीटी आणि एमआरआय अहवाल एकत्र तपासले होते. विशीतल्या शंभरांपैकी सदतीस जणांच्या गाद्यांत झीज सापडली आणि पन्नाशीतल्या शंभरांपैकी ऐंशी जणांच्या. यातल्या एकाचीही पाठ दुखत नव्हती! ती म्हणाली, "घराचा उंबरठा झिजतो तेव्हा घर पडायला आलं असं आपण म्हणत नाही, काका. माणसं ये-जा करतात एवढाच त्याचा अर्थ."

मी विचारलं, "मग दुखतं ते काय खोटं?" त्यावर चिठ्ठीत दुसरं वाक्य आलं: "दुखणं खरं आहे, पण ते या फोटोत नाही." बहुतेक कंबरदुखीत अमुक स्नायू किंवा अमुक सांधा, असं बोट ठेवून दाखवता येत नाही. माझ्या बाबतीत एक गोष्ट मात्र तिला दिसली. वाकताना मी श्वास रोखून धरत होतो आणि पाठ फळीसारखी ताठ करत होतो. भीतीने आवळलेले स्नायू दिवसभर आवळलेले राहिले की तेच दुखू लागतात. दुखलं की भीती वाढते आणि स्नायू आणखी आवळतात. पट्टा आणि विश्रांती यांनी हे चक्र सुटत नाही, उलट कंबर हालचालीला पारखी होते. शिवाय मोठ्या माणसाच्या गादीला स्वतःचा रक्तपुरवठा जवळजवळ नसतो. तिचं पोषण आजूबाजूने झिरपत येतं आणि त्याला हालचालीची मदत होते.

तिसऱ्या भागात हिशेब होता. बारा मिनिटं चाललं की माझं दुखणं वाढत असे. म्हणून सुरुवात आठ मिनिटांनी, सकाळ-संध्याकाळ, सपाट रस्त्यावर. दर तिसऱ्या दिवशी दोन मिनिटं वाढवायची, तीस मिनिटांपर्यंत. ऑफिसात अर्ध्या तासाने उठायचं. त्यासाठी जावक नोंदवही टेबलावरून समोरच्या कपाटावर ठेवायला सांगितली, म्हणजे प्रत्येक नोंदीला उठणं आलं. पट्टा रोज तासभर कमी. उचलायचं तर आधी दोन किलोचा फायलींचा गठ्ठा, आठवड्याने चार किलोचा, मग अर्धी बादली, आणि वाकताना श्वास सोडत वाकायचं. रुकू आणि सजदाही असेच, आधी दिवसातून एका नमाजाला, मग सगळ्यांना.

मोजमापही दिलं होतं. दुखण्याला शून्य ते दहा गुण द्यायचे. चालताना तीन-चारपर्यंत गेलं तर चालतं. दुसऱ्या सकाळी नेहमीइतकंच असेल तर पुढे जायचं, जास्त असेल तर एक पायरी खाली. "चांगल्या दिवशीही ठरलेलंच करायचं," या वाक्याखाली तिने दोन रेघा मारल्या होत्या.

मी नेमकं तेच मोडलं. पंधराव्या दिवशी कंबर हलकी वाटली म्हणून रविवारी पुस्तकांचं अख्खं कपाट काढून लावलं. तीन दिवस वाकता येईना. पुन्हा एक्स-रे काढावा असं मनात आलं. ती फोनवर म्हणाली, "काका, नवीन काही मोडलेलं नाही, कंबरेला झेपेल त्याहून जास्त काम झालं. अंथरुणात पडून राहू नका, एक पायरी खाली उतरा." नेमाने चाललो असतो तर तेहतीस दिवसांत तीस मिनिटं गाठली असती. मला सहा आठवडे लागले.

चौथा भाग तिने लाल शाईने लिहिला होता. लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, मांड्यांच्या आतली बाजू किंवा बसायची जागा बधिर झाली, पाऊल उचलताना लोंबू लागलं, तर चालणं-व्यायाम बाजूला ठेवून त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं. संध्याकाळी बारीक ताप, घटणारं वजन आणि रात्री कुठल्याही कुशीवर न थांबणारं दुखणं असेल तरी डॉक्टरांना सांगायचं. आपल्याकडे मणक्याचा क्षय होतो आणि सुरुवातीला तो साध्या एक्स-रेत दिसेलच असं नाही. कॅन्सर पूर्वी झालेला असेल, पडझड झाली असेल किंवा स्टेरॉइडची औषधं बरेच दिवस घेतली असतील, तेही लपवायचं नाही.

शेवटची ओळ मला सगळ्यात प्रामाणिक वाटली: "दुखणं पुन्हा येऊ शकतं." 2024 मध्ये ऑस्ट्रेलियातला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात कंबरदुखीतून नुकत्याच बऱ्या झालेल्या सातशे एक माणसांचे दोन गट होते. एका गटाला टप्प्याटप्प्याने चालणं वाढवायला शिकवलं, दुसऱ्याला काही दिलं नाही. न चालणाऱ्या गटातल्या निम्म्या लोकांचं दुखणं एकशे बारा दिवसांत परतलं होतं, चालणाऱ्यांच्या गटात तिथवर यायला दोनशे आठ दिवस लागले. म्हणजे चालण्याने दुखणं कायमचं जात नाही, पण लांबतं.

माझंही एकदा परतलं, पावसाळ्यात. या वेळी पट्टा शोधला नाही. आठ मिनिटांपासून पुन्हा सुरुवात केली आणि दहा दिवसांत बरा झालो. निवृत्तीचा अर्ज त्यानंतर फाडला. जावक नोंदवही मात्र अजून समोरच्या कपाटावरच आहे.