राजीनाम्यातली उधारी

मार्केटिंगच्या एमबीएला प्रवेश मिळाला की सेल्समधला पोरगा राजीनाम्यात आधी स्वप्नं लिहितो. ती एका वाक्यात आटपावीत. साहेबांची नजर तारखेवर असते. नोटीस ३० दिवसांची आणि पत्र १ जूनचं, तर शेवटचा दिवस ३० जून. वर्ग १६ जूनला भरणार असतील, तर उरलेल्या १५ दिवसांचा पगार कापून मोकळं करण्याची विनंती त्याच पत्रात हवी.

खरी गोम बाजारातल्या उधारीत. कुठल्या दुकानदाराकडे किती येणं आहे, त्याची यादी पत्राला जोडा आणि नव्या माणसाला बीटवर नेऊन ती दुकानदारांसमोरच जुळवा. नाहीतर तुमच्या माघारी कुणीतरी म्हणतो, “पैसे तर त्यालाच दिले होते!” मग शेवटचा हिशेब अडकतो. जुळवलेल्या यादीवर नव्या माणसाची सही घ्यायला विसरू नका.