सातव्या दिवशी थांबणारे अपलोड

यूट्यूबवर व्हिडिओ अपलोड करणाऱ्या प्रोग्रॅमला चॅनेलच्या मालकाचा पासवर्ड कधीच दिला जात नाही. मालक एकदा ब्राउझरमधून गूगलच्या पानावर लॉग इन करतो, अपलोडची परवानगी देतो आणि त्या परवानगीपोटी प्रोग्रॅमला दोन टोकन मिळतात. टोकन म्हणजे अक्षरे-आकड्यांची एक लांबलचक ओळ. त्यातले ॲक्सेस टोकन प्रत्येक विनंतीसोबत पाठवायचे असते आणि ते तासाभरात निकामी होते. दुसऱ्याचे, म्हणजे रिफ्रेश टोकनचे, काम एकच: गूगलच्या टोकन सर्व्हरकडून नवे ॲक्सेस टोकन मागून घेणे. ॲक्सेस टोकन चोरीला गेलेच, तरी चोराला तासाभरापुरताच वाव मिळावा, असा या विभागणीमागचा विचार आहे.

माणूस समोर बसलेला असेल तर टोकन संपल्याने फारसे बिघडत नाही. तो पुन्हा लॉग इन करतो. पहाटे आपोआप चालणाऱ्या प्रोग्रॅमला ती सोय नसते. म्हणून परवानगी मागतानाच `access_type=offline` असे कळवावे लागते. ते राहून गेले तर रिफ्रेश टोकन मिळतच नाही. अपलोड सुरू करण्याआधी प्रोग्रॅम टोकन सर्व्हरला `grant_type=refresh_token` अशी विनंती करतो आणि उत्तरात नवे ॲक्सेस टोकन व त्याची मुदत सेकंदांत येते. मात्र या उत्तरात रिफ्रेश टोकन सहसा पुन्हा येत नाही. आलेले उत्तर जसेच्या तसे जुन्या फाइलवर लिहिणारा प्रोग्रॅम स्वतःचे रिफ्रेश टोकन स्वतःच पुसून टाकतो. पहिले अपलोड व्यवस्थित होते, तासाभरानंतरचे होत नाही, आणि दोष मात्र गूगलवर ढकलला जातो.

याहून फसवा प्रकार आठवड्याने उघडकीस येतो. समजा, रोज सकाळी सहाला व्हिडिओ अपलोड करणारी व्यवस्था एखाद्या सोमवारी संध्याकाळी उभी केली. मंगळवारपासून पुढच्या सोमवारपर्यंत सगळे सुरळीत चालते. त्यानंतरच्या मंगळवारी सकाळी नोंदवहीत हे दिसते:

```
{
  "error": "invalid_grant",
  "error_description": "Token has been expired or revoked."
}
```

प्रोग्रॅममध्ये कोणी काही बदललेले नसते. कारण गूगल क्लाउडच्या सेटिंगमध्ये असते: ॲपची स्थिती `Testing` ठेवलेली असेल, तर अशा अपलोडसाठी दिलेले रिफ्रेश टोकन सात दिवसांनी संपते. स्थिती `In production` करून मालकाकडून परवानगी पुन्हा घेतली की ही सात दिवसांची अट उरत नाही. तरीही ते टोकन अमर होत नाही. सहा महिने वापरले नाही तर ते बाद होते. मालकाने आपल्या गूगल खात्यातून परवानगी काढून घेतली तरीही होते.

इथे चुका वेगवेगळ्या ओळखणे महत्त्वाचे ठरते. अपलोडच्या विनंतीला `401` आले तर बहुधा ॲक्सेस टोकन संपलेले असते. नवे घेऊन पुन्हा प्रयत्न केला की काम होते. टोकन सर्व्हरनेच `invalid_grant` म्हटले, तर शंभरदा विचारले तरी उत्तर तेच येणार. तिथे प्रोग्रॅमने थांबून माणसाला निरोप द्यायला हवा.

सगळे प्लॅटफॉर्म गूगलसारखे वागत नाहीत. एक्सवर ॲक्सेस टोकन दोन तास चालते आणि रिफ्रेश टोकन एकदाच वापरता येते. प्रत्येक वेळी त्याच्या जागी नवे मिळते. एकाच खात्यासाठी दोन प्रोग्रॅम एकाच क्षणी रिफ्रेश करू लागले, तर पहिल्याला नवी जोडी मिळते आणि दुसऱ्याच्या हातातले टोकन बाद ठरते. नवे टोकन जपून ठेवण्याआधीच वीज गेली, तरी साखळी तिथेच तुटते. म्हणून रिफ्रेशचे काम एकाच प्रोग्रॅमकडे सोपवावे आणि नवे टोकन आधी साठवून मगच वापरावे.

इन्स्टाग्रामवर वेगळे रिफ्रेश टोकन नसते. तिथे साठ दिवसांचे टोकन मिळते आणि तेच दाखवून मुदत वाढवून घ्यायची असते. त्यासाठी ते किमान चोवीस तास जुने आणि अजून जिवंत असावे लागते. एकसष्टाव्या दिवशी जागे होणाऱ्या प्रोग्रॅमला ते वाचवता येत नाही. त्यामुळे महिन्यातून एकदाच पोस्ट टाकणाऱ्या खात्यासाठीही मुदतवाढीचे काम पोस्टवर अवलंबून न ठेवता, आठवड्यातून एकदा स्वतंत्रपणे चालवलेले बरे. म्हणजे एखादी खेप फसली, तरी दुरुस्तीला बरेच आठवडे हाताशी राहतात.