जुने डिझेल इंजिन विकताना किंमत केव्हा उतरवावी?

विहिरीवर सौरपंप बसल्यानंतर पूर्वीचे पाच अश्वशक्तीचे डिझेल इंजिन चांगल्या स्थितीत असूनही पडून राहते. असे इंजिन जाहिरातींच्या संकेतस्थळावर विक्रीस ठेवता येते. परंतु किंमत कशी उतरवावयाची याचा हिशेब आधी मांडला नाही, तर वाट पाहण्यातच हंगाम निघून जातो.

या इंजिनास चांगली मागणी दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत असते. त्या वेळी विहिरींना पाणी असते व रब्बीची पिके भिजवावयाची असतात. पुढे विहिरी तळ गाठू लागल्या की गिऱ्हाईक ओसरते. म्हणून जाहिरात देण्यापूर्वीच दोन गोष्टी वहीत लिहून ठेवाव्यात. जुनी इंजिने घेणारा दुकानदार आज रोख काय देईल, ही पहिली. आणि विक्रीची शेवटची तारीख, ही दुसरी.

समजा, दुकानदार ११,००० रुपये देतो व इंजिन पोहोचविण्यास ५०० रुपये भाडे पडते. म्हणजे हाती १०,५०० रुपये येतात. ही आपली तळाची किंमत होय. तशाच इंजिनांच्या जाहिराती पाहून आपण नोव्हेंबरच्या आरंभी १८,००० रुपये सांगितले. मात्र जाहिरातीतील आकडा हा मागितलेला असतो, मिळालेला नव्हे, हे ध्यानात ठेवावे.

दोन आठवड्यांत विचारणाच झाली नाही, तर किंमत सुमारे एक दशांशाने उतरवावी. शंभर-दोनशे रुपयांची घट कोणाच्या नजरेत भरत नाही. उलट दर दोन दिवसांनी आकडा उतरू लागला, तर गिऱ्हाईक आणखी थांबते. १८,००० वरून १६,५०० व पुन्हा दोन आठवड्यांनी १५,००० रुपये करावेत. कित्येक जण १५,००० रुपयांची मर्यादा घालून शोध घेतात. त्यांना १५,२०० रुपयांचे इंजिन दिसतच नाही.

गिऱ्हाइके येऊन, इंजिन पाहून परत जात असतील, तर मात्र दोष किमतीत नसावा. इंजिन सुरू होण्यास वेळ लागतो काय, धूर अधिक येतो काय, तेल गळते काय, हे प्रथम तपासावे.

आता डिसेंबरच्या मध्यास एकाने १३,५०० रुपये रोख देऊ केले. थांबल्यास फार तर १,५०० रुपये अधिक मिळतील. गिऱ्हाईक न मिळाल्यास तळाच्या किमतीस विकावे लागून ३,००० रुपये कमी येतील. तेव्हा तीनांत दोनदा तरी पूर्ण १५,००० मिळतील अशी खात्री असेल तरच थांबणे परवडते. हंगाम सरत असता तशी खात्री क्वचितच असते. म्हणून सौदा करावा.

असे गिऱ्हाईक न आल्यास संक्रांतीस दुकानदाराकडे जावे. त्यानंतर त्याचाही भाव उतरण्याचा संभव असतो.