वेग वाढला की विरोधक बदलतो

२३ जुलै १९८९. तीन आठवडे चाललेल्या टूर द फ्रान्स शर्यतीचा शेवटचा टप्पा, व्हर्साय ते पॅरिस, फक्त साडेचोवीस किलोमीटर. अमेरिकेचा ग्रेग लेमाँड फ्रान्सच्या लोराँ फिन्योंपेक्षा ५० सेकंदांनी मागे होता. एवढ्याशा अंतरात ही पिछाडी भरून निघणं बहुतेकांना अशक्य वाटत होतं. लेमाँडनं हँडलला पुढे लांब दांडे जोडले होते, त्यांवर कोपर टेकून तो वाकून बसला. डोक्यावर मागे निमुळतं होत गेलेलं हेल्मेट. फिन्यों मात्र उघड्या डोक्यानं, मागे केसांची शेपटी बांधून निघाला. लेमाँडनं संपूर्ण शर्यत ८ सेकंदांनी जिंकली.

त्या दांड्यांनी नेमकं काय साधलं, ते हिशेबातून कळतं. स्वार आणि सायकल मिळून ८० किलो धरू. सपाट डांबरी रस्त्यावर टायर सतत दबतो आणि पुन्हा फुगतो, त्यात ऊर्जा खर्च होते. हा रोध साधारण ४ न्यूटन असतो आणि वेग वाढला तरी फारसा बदलत नाही. हवेचा रोध मात्र वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताठ बसलेल्या स्वाराला ताशी १८ किलोमीटर वेगाला तो सुमारे ६ न्यूटन, तर ताशी ३६ ला तब्बल २४ न्यूटन लागतो. बळाला वेगानं गुणलं की शक्ती मिळते: पहिल्या वेगाला ५० वॅट, दुसऱ्याला २८०. वेग दुप्पट, पण मेहनत साडेपाचपटीहून जास्त.

आता याच स्वाराचा खिसा कुठे हलका करायचा ते बघा. ताशी ३६ च्या वेगानं जाताना टायरचा रोध निम्मा झाला तर २० वॅट वाचतील. सायकल एक किलोनं हलकी केली तर सपाट रस्त्यावर जेमतेम अर्धा वॅट. पण खाली वाकून हवेला अडणारं अंग चौथाईनं कमी केलं, तर ६० वॅट वाचतात आणि त्याला पैसे लागत नाहीत. घाटात वेग उतरतो, हवा मागे पडते, मग वजनाचा प्रश्न खरा ठरतो.

हे पडताळायला प्रयोगशाळा नको. वारा पडलेला असताना, रहदारी नसलेल्या उतारावर, एकाच खुणेपासून पेडल न मारता सायकल सोडा. एकदा ताठ बसून, एकदा वाकून. सायकल कुठपर्यंत गेली ते मोजा. टायरमधली हवा कमी-जास्त करूनही हेच करता येईल. मात्र खडबडीत रस्त्यावर टायर दगडासारखा टणक केला, तर सायकल उड्या मारते आणि उलट जास्त ऊर्जा वाया जाते.

पाणी हवेच्या सुमारे ८०० पट घन, म्हणून तिथे सेकंदाला दोन मीटर हा वेगही जबर ठरतो. कंबर खाली बुडाली की पाण्याला आडवं येणारं अंग वाढतं आणि रोध चढतो. २००८-०९ मध्ये आलेल्या पॉलियुरेथेनच्या पोशाखांनी इथेच हात मारला. ते अंग आवळून सडपातळ करत आणि शरीराला वर तरंगायला मदत करत. २००९ च्या रोमच्या जागतिक स्पर्धेत ४३ विश्वविक्रम झाले. पोहण्याऐवजी पोशाखाचीच स्पर्धा होऊ लागली, तेव्हा १ जानेवारी २०१० पासून कापडी पोशाखच चालतील, असा नियम झाला.

धावपटूच्या बुटाखाली हिशेब उलटा होतो. तिथे घर्षण हवंच असतं, कारण पाय जमिनीला मागे रेटतो आणि जमीन धावपटूला पुढे ढकलते. सुरुवातीला अंग पुढे झुकलेलं असताना हा आडवा रेटा सर्वांत मोठा असतो. साधा तळवा ओल्या किंवा धुळकट ट्रॅकवर सरकतो. स्पाइक्सच्या पिना पृष्ठभागात रुततात, त्यामुळे पकड केवळ घासण्यावर अवलंबून राहत नाही. पण लांब पिना म्हणजे जास्त वेग नव्हे. फार रुतलेली पिन उपसायला वेळ जातो आणि ट्रॅकही खराब होतो. म्हणूनच सिंथेटिक ट्रॅकवर धावण्यासाठी ९ मिलिमीटरची मर्यादा आहे.

मातीच्या मैदानावर मात्र आखूड पिना पुरत नाहीत. जोरात सुरुवात केल्यावर जमिनीकडे बघा. भोकं स्वच्छ उमटली असतील, तर पकड पुरेशी आहे. माती मागे खरवडली गेली असेल, तर तुमचा काही जोर धावण्याऐवजी माती उकरण्यात गेला, म्हणजे पिन बदलायला हवी.